चेंबर तुंबलं? नगरसेवकाकडे जाताना तक्रार क्रमांक घेऊन जा

नगरसेवक स्वतः कामगार पाठवत नाही, ते काम क्षेत्रीय कार्यालयाचं. तो अधिकाऱ्यांचा पाठपुरावा करतो, प्रभाग समितीत विषय काढतो आणि अंदाजपत्रकात कामासाठी तरतूद मिळवतो. म्हणून आधी महापालिकेकडे तक्रार नोंदवा (मुंबईत १९१६) आणि क्रमांक जपून ठेवा.

समजा, कोपऱ्यावरचं चेंबर दर पंधरवड्याला वाहतंय. गाडी येते, गाळ काढते, पुन्हा तेच. तिथे सफाई नाही, लाइनच बदलायला हवी असेल. मग आतापर्यंतच्या सगळ्या तक्रारींचे क्रमांक, तारखा आणि शेजारच्या दुकानाची पाटी दिसेल असा फोटो जोडून एका पानाचं पत्र नगरसेवकाच्या जनसंपर्क कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर सही-तारखेची पोच घ्याच. नुसतं व्हॉट्सॲप तिथे शंभर मेसेजखाली गाडलं जातं. नवीन लाइनला निधी लागतो, त्यामुळे पत्र दिवाळीच्या सुमारास गेलेलं बरं, अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत मांडलं जातं.

खड्ड्यासाठीही हेच. बागेतला तुटलेला झोपाळा मात्र थेट उद्यान विभागाला कळवा. पुण्यात एका प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात, पत्र चौघांनाही द्या. सोसायटीच्या आवारातली लाइन तुंबली, तर खर्च बहुधा तुमचाच.