फेरसंतुलनाआधीची तयारी: नवे पैसे आधी एकूणात धरा

फेरसंतुलन म्हणजे समभाग, रोखे, सोने अशा गटांचे बदललेले प्रमाण खरेदी-विक्री करून पुन्हा ठरवलेल्या लक्ष्यावर आणणे. त्यासाठी सर्व गुंतवणुकींचे मूल्य एकाच तारखेचे घ्यावे, हे वेगळे सांगायला नको. ठरवलेले लक्ष्य प्रमाण लिहून समोर ठेवावे. मिश्र फंड असल्यास त्यातील समभाग आणि रोखे आपापल्या गटात विभागून धरावेत. तो अख्खा एकाच गटात टाकला, तर दोन्ही गटांचे आकडे चुकतात.

आता खरी मेख. या फेरीत बाहेरून पैसे घालायचे आहेत की काढायचे आहेत, हे लक्ष्यापासूनचे विचलन मोजण्याआधी ठरवावे आणि त्या नव्या एकूण रकमेवरच प्रत्येक गटाची लक्ष्य रक्कम काढावी. मागच्या वेळी माझ्याकडून नेमके हेच राहिले होते.

समजा, लक्ष्य समभाग ६०, रोखे ३० आणि सोने १० टक्के असे आहे. आजचे मूल्य अनुक्रमे ७,००,०००, २,२०,००० आणि ८०,०००, म्हणजे एकूण १०,००,००० आहे. समभाग १० टक्के-बिंदूंनी वर, रोखे ८ ने आणि सोने २ ने खाली आहे. या एकूणावर हिशेब केला, तर १,००,००० चे समभाग विकून ८०,००० रोख्यांत आणि २०,००० सोन्यात घालावे लागतील. पण ५०,००० नव्याने यायचे असतील, तर एकूण १०,५०,००० होते आणि लक्ष्य रकमा ६,३०,०००, ३,१५,००० व १,०५,००० अशा बदलतात. मग समभाग केवळ ७०,००० चे विकायचे, आणि रोख्यांत ९५,००० व सोन्यात २५,००० घालायचे. जुन्या एकूणावर चालणारा माणूस ३०,००० चे समभाग विनाकारण विकतो, त्यावर खर्च आणि कदाचित करही भरतो, आणि एवढे करून समभाग सुमारे ५७ टक्क्यांवर येऊन थांबतात. म्हणून पुन्हा सांगतो: आधी नवे एकूण, मग लक्ष्य रक्कम, मग फरक.

पडताळणीची खूण सोपी आहे. खरेदी अधिक आणि विक्री उणे धरून सर्व फरकांची बेरीज नव्या रकमेइतकीच आली पाहिजे. वर ती ५०,००० येते. बेरीज शून्य आली आणि नवे पैसे अजून हातात असतील, तर जुनेच एकूण धरले गेले आहे. पैसे काढायचे असतील, तर बेरीज तेवढीच उणे येते.

विक्री मुळीच नको असेल, तर समभागांचे मूल्य ०.६० ने भागावे: ११,६६,६६७ येते, म्हणजे सुमारे १,६६,६६७ नवे पैसे रोखे आणि सोन्यात घातले की काम होते.

उरलेले थोडक्यात. लहान गटाचे विचलन त्याच्या लक्ष्याच्या तुलनेतही पाहावे. सोन्याचे २ बिंदू म्हणजे त्याच्या लक्ष्याचा पाचवा भाग. आधी विक्री, पैसे जमा झाल्यावर खरेदी. मधल्या काळात भाव हलले, तर आकडे नव्याने काढावेत, आणि तेव्हाही एकूणात नवी रक्कम धरलेली असावी.