जुलै-सप्टेंबरची ईमेल गुंतवणूकदारांना पाठवण्याआधी

समजा, चकलीची आणि उपवासाची भाजणी पाकिटांतून विकणारी एक छोटी कंपनी आहे. ओळखीपाळखीच्या बारा-पंधरा जणांनी तिच्यात दोन-दोन, तीन-तीन लाख घातलेत आणि त्यांना जुलै ते सप्टेंबर २०२५ चा हिशोब कळवायचाय. लिहायला बसण्याआधी बँकेचं तिमाहीचं स्टेटमेंट, येणे बाकीची यादी आणि या तिमाहीचा जीएसटीआर-१ समोर ठेवा. विक्रीचा आकडा जीएसटी वगळून, परत आलेला माल वजा करून काढा आणि जीएसटीआर-१ शी ताडून बघा. जुळत नसेल, तर परत आलेल्या पाकिटांच्या क्रेडिट नोट करायच्या राहिल्यात का, ते आधी तपासा.

आता तुलना. धंदा सणावारांचा आहे, त्यामुळे एप्रिल-जूनशी तुलना करून उपयोग नाही. गेल्या वर्षीची हीच तिमाही घ्या. पण सोबत पंचांगही उघडा. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. म्हणजे गेल्या वर्षी दुकानदारांनी नवरात्रात मागवलेला दुसऱ्या खेपेचा माल ऑक्टोबरच्या बिलात गेला, यंदा तो सप्टेंबरातच आला. एकूण विक्री १८ लाखांवरून २२ लाखांवर गेली हे खरं, पण उपवासाची भाजणी वेगळी काढली की दिसतं, ती ५ वरून ८ लाखांवर गेलीय आणि बाकी माल १३ वरून १४ वर. हे दोन्ही आकडे ईमेलमध्ये लिहा. नाही लिहिले, तर पुढच्या तिमाहीत विक्री घसरलेली दिसेल आणि तेव्हा दिलेला खुलासा सबबीसारखा वाटेल.

सगळ्यात जास्त वेळ रोख शिलकीला द्या. ३० जूनला बँकेत २१.६ लाख होते, ३० सप्टेंबरला १४.४ लाख. तीन महिन्यांत ७.२ लाख कमी झाले, म्हणजे महिन्याला २.४ लाख, आणि या हिशोबाने पैसे सहा महिने पुरतील. मात्र याच काळात जुन्या गोदामाचं १.२ लाखांचं डिपॉझिट परत आलंय आणि ते काही पुन्हा येणार नाही. ते बाजूला काढलं की खर्च महिन्याला २.८ लाखांवर जातो आणि पैसे जेमतेम पाच महिने पुरतात. पाचच लिहा. दिवाळीसाठी आधीच भरलेल्या तांदूळ-डाळींचे पैसे सुटतील हे एका ओळीत सांगा, पण न आलेले पैसे शिलकीत धरू नका.

विक्री वाढूनही रोकड का आटली, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच, म्हणून अडचण तिथेच, आकड्यांना लागून सांगा. “वसुलीत थोडा विलंब होत आहे” यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: “एका दुकानसाखळीकडे ४ लाख ६० हजार अडकलेत, बिलांना सत्तर दिवस झालेत, नवा माल देणं आम्ही थांबवलंय.” साखळीचं नाव मात्र टाळा, ईमेल कुठेही फॉरवर्ड होते. उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे: करार काहीही असला तरी लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नंतर चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. तक्रार केली असेल तर तारीख द्या. तिथे निकालाला वेळ लागतो, तेव्हा ही रक्कम पुढच्या तिमाहीच्या अंदाजात धरू नका.

पुढच्या बेतांआधी मागच्या ईमेलमधल्या बेतांचं काय झालं ते लिहा, राहिलं असेल तर तसं. नवा बेत या अडचणीतूनच निघतो: ३१ डिसेंबरपर्यंत एकूण उधारीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कुणा एकाकडे अडकू द्यायची नाही.

विनंती एकच ठेवा आणि ती बेताला धरून असू द्या. “काही मदत करता आली तर कळवा” म्हटलं की कुणीच कळवत नाही. “ठाणे-डोंबिवलीत तीन-चार किराणा दुकानं चालवणारे, तीस दिवसांत पैसे देणारे कुणी माहितीतले असतील तर १५ नोव्हेंबरपर्यंत ओळख करून द्या” एवढं नेमकं हवं. खाली व्हॉट्सअ‍ॅपवर जशाच्या तशा पाठवता येतील अशा चार ओळी जोडा. ही विनंती वर, आकड्यांआधी एकदा, आणि शेवटी पुन्हा यावी. नवं भांडवल हवं असेल तर तो विषय इथे आणूच नका. “मित्रांनाही सांगा” असं तर मुळीच नको: खासगी कंपनीला शेअर्ससाठी लोकांना जाहीर आवाहन करता येत नाही, कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ठरावीक व्यक्तींना रीतसर वेगळं पत्र द्यावं लागतं.

पाठवताना सगळे पत्ते बीसीसीमध्ये घाला. कुणी ओळख करून दिलीच, तर त्या दुकानदाराशी काय बोलणं झालं ते ओळख करून देणाऱ्याला त्याच आठवड्यात कळवा.