बिझनेस स्टडीजची तीन आठवड्यांची रिव्हिजन: या चुका टाळा

दरवर्षी परीक्षेला तीन आठवडे राहिले की तेच प्लॅन माझ्यासमोर येतात. रंगीत पेनांनी आखलेले, चौकटी-चौकटीचे, आणि जवळजवळ सगळे एकाच जागी फसणारे. शिकवून शिकवून मला आता पहिल्या पानावरूनच कळतं की हा प्लॅन कितव्या दिवशी मरणार. म्हणून हे एकदाचं लिहूनच टाकतो.

चूक पहिली, आणि सगळ्यात लाडकी: पहिल्या धड्यापासून सुरुवात, रोज एक धडा

बारा धडे, म्हणून बारा दिवस, उरलेले नऊ दिवस "फायनल रिव्हिजन". कागदावर एकदम मस्त दिसतं. अडचण अशी की बिझनेस स्टडीजचे धडे सारख्या वजनाचे नसतातच. मॅनेजमेंट म्हणजे काय, त्याची वैशिष्ट्यं, लेव्हल्स, हा धडा वाचायला सोपा आणि तुम्ही वर्षभरात तो चारदा तरी वाचलेला असतो, कारण दर वेळी अभ्यासाला बसलं की पुस्तक तिथूनच उघडतं. फायनान्शियल मॅनेजमेंट, मार्केटिंग, कंट्रोलिंग हे मागे असतात आणि एकदाच, घाईत झालेले असतात.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, हुशार, अक्षर सुंदर. त्याने असाच प्लॅन केला. पहिल्या धड्याला एक दिवस होता, त्याने तीन घेतले, कारण नोट्स "नीट" करायच्या होत्या. दुसऱ्यात फेयॉलची 14 तत्त्वं आली, ती पाठ करण्यात आणखी दोन-तीन दिवस. प्लॅन मागे पडला की तो रात्री बसून नवीन टाइमटेबल आखायचा, परत रंगीत, आणि उरलेले धडे उरलेल्या दिवसांत कोंबायचा. दुसरा आठवडा संपला तेव्हा तो सहाव्या धड्यावर होता. मग त्याने ठरवलं की कॅपिटल स्ट्रक्चर "सोडून देऊ" आणि मार्केटिंग "वाचलं की येतंच". पेपरात त्या दोन धड्यांचे मोठे प्रश्न होते. पहिल्या धड्यावर मात्र एक छोटा प्रश्न, तो त्याने अर्थात फार सुंदर लिहिला.

मी काय करायला लावतो ते सांगतो. पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही. प्रत्येक धड्यासाठी एक कोरा कागद, दहा मिनिटं, आणि त्या धड्यातलं जे आठवतंय ते लिहायचं: आधी मुद्दे, मग प्रत्येकाखाली एक ओळ समजावून. बारा धड्यांचे दोन तास होतात. मुलांना हा दिवस अजिबात आवडत नाही, "वेळ वाया जातोय" म्हणतात, पण याच दिवशी खरं चित्र दिसतं. कागदांचे तीन गठ्ठे करा. मुद्दे आणि समजावणं दोन्ही आलं तो एक गठ्ठा, नुसते मुद्दे आले तो दुसरा, कोरा राहिला तो तिसरा.

समजा कोरे पाच निघाले, अर्धवट चार आणि पक्के तीन. मग कोऱ्या धड्याला अख्खा एक दिवस, अर्धवट दोन मिळून एक दिवस, पक्के तिन्ही मिळून एकच दिवस. झाले आठ दिवस. त्यात दोन दिवस मुद्दाम रिकामे ठेवा, एक मध्ये, एक शेवटी. म्हणजे 2 ते 11 तारखेच्या खात्यात पहिली फेरी संपली (इथे तारीख म्हणजे प्लॅनचा दिवस, कॅलेंडरचा नाही). कोऱ्यांपासून सुरुवात करा, पण सलग पाच कोरे घेऊ नका, मध्ये एक अर्धवटांचा दिवस टाका, नाहीतर चौथ्या दिवशी डोकं चालत नाही. रिकाम्या दिवशी नवीन काही घ्यायचं नाही, जे राहिलं तेवढंच. मागे पडलात तरी टाइमटेबल परत आखू नका. त्या रात्रीची झोप आणि सकाळ दोन्ही जातात आणि हातात फक्त एक चार्ट येतो.

चूक दुसरी: वाचणं म्हणजे रिव्हिजन समजणं

हायलायटरबद्दल माझं मत वाईट आहे, ते लपवत नाही. अख्खं पान पिवळं केलेली पुस्तकं मी पाहिलीयत, त्यात काय महत्त्वाचं आहे ते त्या मुलालाही सांगता येत नाही. या विषयात हे जास्त महागात पडतं कारण भाषा सोपी आहे. वाचताना प्रत्येक ओळ कळते, मान डोलते, आणि वाटतं की येतंय. पण पेपरात विचारतात केस. चार-पाच ओळींची गोष्ट, आणि त्यातून संकल्पना तुम्ही ओळखायची.

असा एक प्रश्न घ्या. एका कारखान्यातल्या कामगाराला प्रॉडक्शन सुपरवायझर सांगतो की सावकाश काम कर, माल खराब होता कामा नये. तासाभराने सेल्स मॅनेजर येऊन थेट त्याच कामगाराला सांगतो की ऑर्डर उद्या जायचीय, स्पीड वाढव. कोणत्या तत्त्वाचं उल्लंघन झालं? उत्तर युनिटी ऑफ कमांड, कारण एका माणसाला दोन साहेबांकडून आदेश मिळतायत. मी तपासलेल्या वह्यांमध्ये इथे सर्रास युनिटी ऑफ डायरेक्शन सापडतं, आणि खाली दीड पान त्याचं वर्णन, जे स्वतंत्रपणे अगदी बरोबर असतं. एकीने तर सरळ चौदाच्या चौदा तत्त्वं लिहिली होती, त्यातलं एखादं तरी लागेल म्हणून. मी विचारलं तर म्हणाली, सर, मी हा धडा तीनदा वाचलाय. वाचला होता, खरंच. पण दोन्ही तत्त्वं शेजारीशेजारी ठेवून फरक कधी लिहिलेला नव्हता, आणि दोन्ही नावं सारखी वाजतात म्हणून ऐन वेळी हाताला लागलं ते लिहिलं.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, जोड्यांची वही. समोरासमोरची दोन पानं, डाव्या पानावर एक, उजव्यावर दुसरं. युनिटी ऑफ कमांड: एक कर्मचारी, एक साहेब. युनिटी ऑफ डायरेक्शन: एकाच उद्दिष्टाच्या सगळ्या कामांना एक प्रमुख आणि एक योजना. पहिलं माणसाबद्दल, दुसरं कामांच्या गटाबद्दल. दुसरी जोडी डेलिगेशन आणि डिसेंट्रलायझेशन. डेलिगेशनमध्ये साहेब आपल्या हाताखालच्याला अधिकार देतो, पण काम बिघडलं तर जबाब साहेबालाच द्यावा लागतो, तो खाली ढकलता येत नाही. डिसेंट्रलायझेशन हे वरच्या मॅनेजमेंटचं धोरण, निर्णयाचे अधिकार पद्धतशीरपणे खालच्या लेव्हल्सपर्यंत पसरवायचं. मग ट्रेनिंग आणि डेव्हलपमेंट, जाहिरात आणि सेल्स प्रमोशन. आठ-दहा जोड्यांत वही होते, पण प्रत्येक जोडीखाली स्वतःच्या मनाने एक चार ओळींची केस लिहायची. केस बनवायला बसलात की लगेच कळतं फरक समजलाय की नुसता पाठ आहे, कारण समजला नसेल तर केस बनतच नाही.

आणि उत्तर लिहिताना क्रम ठेवा: आधी संकल्पनेचं नाव, मग केसमधलं ते वाक्य जशास तसं उचलून, मग दोन-तीन वाक्यांत समजावणं. वाक्य उचलायचा कंटाळा करणारे खूप आहेत. ते वाक्य लिहायला बसलं की चुकीची संकल्पना बऱ्याचदा तिथेच उघडी पडते, कारण तिला जुळणारं वाक्य केसमध्ये सापडत नाही.

आकडेमोड "बघून" सोडून देणं

सोडवलेली उदाहरणं वाचली की सगळी येतात असं वाटतं. ब्रेक-ईव्हन घ्या. फिक्स्ड कॉस्ट 60,000, एका नगाची विक्री किंमत 50, एका नगामागे व्हेरिएबल कॉस्ट 30. प्रत्येक नगामागे 20 उरतात, 60,000 भागिले 20, म्हणजे 3,000 नग. घाईत मुलं 50 ने भागतात आणि 1,200 लिहून पुढे जातात. तपासायला अर्धं मिनिट लागतं: 1,200 नग विकून 60,000 आले, पण ते बनवायचे 36,000 कोण देणार? आता किंमत 45 करून परत सोडवा. उरतात 15, नग होतात 4,000. किंमत दहा टक्क्यांनी उतरली आणि विकायचे नग एक तृतीयांशाने वाढले, आणि पुढचा "यावर तुमचं मत लिहा" वाला प्रश्न याच्यावरच असतो. कागदावर हाताने, पुस्तक बंद करून, रोज एक. बस.

बारीकसारीक, पण रोज दिसणारे

आद्याक्षरांचे शॉर्टकट. चौदा तत्त्वांचा एखादा विचित्र शब्द बनवून पाठ करतात. नावं आठवतात, पुढे लिहायला काही नसतं. शॉर्टकट करायचाच तर शेवटी करा, समजून झाल्यावर.

दुसऱ्याच्या नोट्स मागत फिरणं. तिसऱ्या आठवड्यात तर बिलकुल नको.

टेलर आणि फेयॉल एकाच दिवशी घेणं. एक कारखान्याच्या फ्लोअरवरच्या कामाचं बोलतो, दुसरा अख्ख्या संस्थेच्या मॅनेजमेंटचं, आणि एकत्र वाचलं की दोघांची खिचडी होते. मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

चूक शेवटची: धडा-धडा करत राहणं, अगदी शेवटपर्यंत

बाराव्या दिवसापासून धड्यांची फेरी बंद. इथे मुलं हट्ट करतात, "अजून एकदा वाचून घेतो मग पेपर सोडवतो". ते "मग" कधी येत नाही. धड्याच्या शेवटचे प्रश्न सोडवताना उत्तर कुठल्या धड्यातलं आहे हे आधीच माहीत असतं, पेपरात ते कोणी सांगत नाही. म्हणून 12 ते 18 या दिवसांत रोज वेगवेगळ्या धड्यांतले पाच-सहा केस प्रश्न चिठ्ठ्या काढल्यासारखे उचला. त्यातच दोन दिवस, समजा चौदावा आणि सतरावा, अख्खा पेपर घड्याळ लावून. पेपराची एकूण मिनिटं भागिले एकूण मार्क केलं की एका मार्काला किती वेळ ते कळतं. शेवटी वाचायला दहा मिनिटं हवीत, ती आधी वजा करा. तीन मार्कांच्या प्रश्नाला पाऊण पान लिहिणाऱ्याचा पेपर सुटत नाही, त्याला सगळं येत असलं तरी.

प्रत्येक पेपरानंतर चुका एका कागदावर, तीन प्रकारांत: आठवलंच नाही, संकल्पना चुकीची ओळखली, आणि वेळ पुरला नाही. पहिल्या प्रकारच्या जास्त असतील तर धड्यावर परत जा, फक्त त्या भागावर. दुसऱ्या प्रकारच्या असतील तर धडा वाचून काहीही होणार नाही, जोड्यांची वही काढा आणि नवीन जोडी लिहा. तिसऱ्यासाठी उत्तरं लहान करायची. एकोणिसाव्या दिवशी तिसरा पेपर, विसाव्या दिवशी त्यातून निघालेली भोकं बुजवा.

एकविसाव्या दिवशी चुकांचे कागद आणि जोड्यांची वही, एवढंच टेबलावर. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवलं तर उत्तम, कारण समोर असलं की ते पहिल्या धड्यालाच उघडतं.