डिस्प्लेवर सेट रेट बरोबर, माल मात्र कमी-जास्त: वे-फीडरच्या या चुका टाळा

जून उजाडला की डिचोली-सत्तरीकडच्या प्लांटमध्ये एक तक्रार हमखास येते. वे-फीडर, म्हणजे माल तोलत तोलत ठरलेल्या दराने पुढे देणारे यंत्र, सेट रेट बरोबर दाखवतोय, ट्रेंड सरळ आहे, अलार्म नाही, पण पुढचा माल बिघडतोय. मग कुणीतरी कंट्रोलर उघडून कंट्रोल लूपचे, म्हणजे पीआयडीचे आकडे बदलायला घेतो. पहिली चूक तिथेच होते. कंट्रोल लूपचे काम मोजलेला आकडा सेट रेटला आणून टेकवणे एवढेच आहे. मोजमापच चुकीचे असेल तर लूप तो चुकीचा आकडाही इमानदारीने सेट रेटवर आणून ठेवतो. त्यामुळे डिस्प्ले आणि सेट रेट जुळतात यावरून फीडर बरोबर चाललाय हे कधीच सिद्ध होत नाही.

हे नीट समजावे म्हणून लोहखनिजाच्या पेलेट प्लांटमधली एक जोडी घेऊ. ओल्या खनिजाचा चुरा बेल्ट वे-फीडरवरून ताशी ६० टन जातो. त्यात चुरा बांधून ठेवणारी माती, म्हणजे बेंटोनाइट मिसळायचे ते लॉस-इन-वेट फीडरने, ०.८ टक्का म्हणजे ताशी ४८० किलो. बेंटोनाइटचा सेट रेट बेल्टच्या मोजलेल्या रेटवरूनच ठरतो. बेंटोनाइट कमी पडले की कच्च्या गोळ्या त्या वळणाऱ्या डिस्कवरून उतरतानाच फुटतात, जास्त पडले तर पेलेटमधली सिलिका वाढते. आणि बेंटोनाइट हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्याइतका नाठाळ पदार्थ नाही.

रिफिलच्या वेळी फीडर आंधळा असतो

लॉस-इन-वेट फीडरचा हॉपर लोड सेलवर उभा असतो. स्क्रू माल बाहेर काढतो, हॉपरचे वजन घटते, आणि ते किती वेगाने घटतेय त्यावरून कंट्रोलर रेट काढतो. ताशी ४८० म्हणजे मिनिटाला ८ किलो. पण वरून रिफिल सुरू झाले की वजन घटण्याऐवजी वाढू लागते. तेवढा वेळ रेट मोजताच येत नाही. कंट्रोलर मग व्हॉल्युमेट्रिक मोडमध्ये जातो, म्हणजे स्क्रूचा शेवटचा वेग तसाच धरून ठेवतो आणि डिस्प्लेवर ४८० दाखवत राहतो.

समजा रिफिल ८० किलोवर सुरू होऊन २४० किलोवर थांबते. मधले १६० किलो संपायला २० मिनिटे लागतात. रिफिल एका मिनिटात उरकत असेल तर फार बिघडत नाही. पण पावसाळ्यात ओलसर बेंटोनाइट सायलोच्या तळाशी आणि रोटरी व्हॉल्व्हच्या खणांत चिकटते आणि तेच रिफिल पाच मिनिटांवर जाते. आता दर २५ मिनिटांतली पाच मिनिटे फीडर आंधळा चालतो. त्यातही हॉपर भरत जातो तसा वरच्या मालाचा दाब वाढतो, स्क्रूच्या आट्यांत माल दाबून भरतो आणि त्याच वेगात जास्त माल बाहेर पडतो.

हे ओळखायचे कसे? रेटचा ट्रेंड बघू नका, स्क्रूच्या वेगाचा ट्रेंड बघा. समजा, रिफिलच्या आधी आणि रिफिलभर स्क्रू ४० आरपीएमवर होता. रिफिल संपून फीडर पुन्हा ग्रॅव्हिमेट्रिकला, म्हणजे वजनावरून रेट मोजण्यावर आला आणि थोड्याच वेळात वेग ३६ वर उतरला. याचा अर्थ भरलेल्या हॉपरला ४८० द्यायला ३६ पुरेसे होते. रिफिलच्या शेवटी मात्र तो ४० वर पळत होता, म्हणजे सुमारे ११ टक्के जास्त माल देत होता. मिनिटाला जवळजवळ एक किलो जादा बेंटोनाइट, आणि याची नोंद कुठेही नाही, कारण एकूण गेलेला माल मोजणाऱ्या टोटलायझरने ती मिनिटे ४८० च धरून मोजली.

उपाय दोन आहेत. पहिला, हॉपर एवढा रिकामा होऊच देऊ नका. ८० ऐवजी १८० वर रिफिल सुरू करून २४० वर थांबवा. दर साडेसात मिनिटांनी ६० किलो माल वीस-पंचवीस सेकंदांत आत येतो. मालाची उंची फारशी बदलत नाही, त्यामुळे स्क्रूत भरणारा मालही फारसा बदलत नाही. रिफिलची संख्या वाढली म्हणून ऑपरेटर कुरकुरतात, पण हा सौदा फायद्याचाच आहे. अर्थात रिफिलचा व्हॉल्व्ह तेवढा वेगवान हवा, नाहीतर आधी तो मोकळा करावा लागेल. दुसरा उपाय काही कंट्रोलरमध्येच असतो. हॉपर रिकामा होत असताना कुठल्या वजनाला स्क्रूचा वेग किती लागला हे तो लक्षात ठेवतो आणि रिफिलमध्ये वजन वाढेल तसा त्याच हिशेबाने वेग कमी करत नेतो. ही सोय बऱ्याच ठिकाणी बंदच असते. चालू आहे का ते एकदा बघून घ्या.

वेग उतरला म्हणजे कारण एकच, असे नाही

रिफिलनंतर स्क्रूचा वेग उतरण्याचे दुसरेही कारण असते, आणि त्यावरचा उपाय अगदी वेगळा आहे. हॉपरमध्ये माल पडतो तेव्हा तेवढीच हवा बाहेर जावी लागते. ती व्हेंटच्या कापडी पिशवीतून जाते. दमट हवेत बेंटोनाइटची बारीक पूड त्या कापडावर लेपासारखी बसते, हवा अडते आणि हॉपरमध्ये दाब चढतो. वरचा व्हॉल्व्ह स्थिर सांगाड्यावर असतो आणि हॉपर लवचिक बेलोजने त्याला जोडलेला असतो. त्यामुळे आतला दाब हॉपरला खाली ढकलतो. बेलोज २०० मिलिमीटर व्यासाचा आणि दाब फक्त २० मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका धरला, तरी लोड सेलला सुमारे ६०० ग्रॅम जास्त दिसतात. रिफिल थांबल्यावर हा दाब मिनिटभरात उतरला, तर त्या मिनिटात ८ किलोऐवजी ८.६ किलो माल गेल्यासारखा भास होतो. लूप लगेच स्क्रू हळू करतो आणि खरा माल कमी पडतो.

म्हणजे एका कारणात माल जास्त जातो, दुसऱ्यात कमी, आणि ट्रेंडवर दोन्ही वेळा वेग उतरलेलाच दिसतो. फरक पुढच्या काही मिनिटांत कळतो. मालाच्या दाबामुळे उतरलेला वेग हॉपर रिकामा होईल तसा हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत वर येतो. हवेच्या दाबामुळे उतरलेला वेग एक-दोन मिनिटांतच जागेवर येतो. खात्री करायची तर व्हेंटला नवी कोरडी पिशवी लावून एक रिफिल होऊ द्या आणि दोन्ही ट्रेंड शेजारी ठेवा. डस्ट कलेक्टरची ओढ थेट हॉपरला जोडलेली असेल तर परिणाम उलटा होतो. ओढ वाढताना हॉपर हलका होत गेल्यासारखा दिसतो. म्हणून तो डक्ट हॉपरला घट्ट जोडू नये.

पीआयडीला हात लावण्याआधी

दोन चाचण्या करा, दोन्ही फुकट आहेत. स्क्रू बंद, रिफिल व्हॉल्व्ह बंद, आणि दहा मिनिटे फक्त वजनाचा आकडा बघत राहा. तो स्थिर राहायला हवा. हळूहळू चढत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय. चालू फीडरमध्ये ही गळती घट कमी दाखवते आणि लूप स्क्रू पळवतो. आकडा वर-खाली डोलत असेल तर शेडमधला पंखा, शेजारची व्हायब्रेटिंग स्क्रीन किंवा दाराकडून येणारा वारा शोधा.

मग पाच किलोचे प्रमाणित वजन हॉपरवर ठेवा आणि उचला. रिकामा, अर्धा आणि भरलेला, तिन्ही वेळा. पाच किलो वाढले पाहिजेत आणि उचलल्यावर आकडा मूळ जागी आला पाहिजे. ४.७ वाढले आणि परतताना २०० ग्रॅम अडकले, तर हॉपर कुठेतरी टेकतोय. ताणलेला बेलोज, सांगाड्याला घट्ट बांधलेली मोटरची केबल, किंवा लोड सेलच्या फटीत साचून कडक झालेली पूड. हे कॅलिब्रेशनने जात नाही, हाताने साफ करावे लागते.

हे सगळे ठीक असूनही रेट थरथरत असेल तरच लूपकडे वळा. इथेही गेन वाढवणे हा उपाय नाही. मिनिटाला ८ किलो म्हणजे सेकंदाला १३३ ग्रॅम. वजनात ५० ग्रॅमची थरथर असेल तर एका सेकंदावरून काढलेला रेट ३५ टक्क्यांहून जास्त चुकू शकतो, वीस सेकंदांवरून काढला तर जेमतेम दोन. म्हणून सरासरीचा काळ लांब लागतो, आणि तो लांब असला की लूप सावकाशच चालवावा लागतो. इंटिग्रल टाइम या काळापेक्षा कमी ठेवलात तर जुना रेट बघून वेग बदलला जातो आणि फीडर हेलकावे खाऊ लागतो.

बेल्टवर चिकटलेला चिखल

बेल्ट वे-फीडरचे दुखणे सरळ आहे. एक मीटर बेल्टवरचे वजन गुणिले बेल्टचा वेग म्हणजे रेट. ताशी ६० टनांना ०.२५ मीटर प्रति सेकंद वेगात मीटरला ६६.७ किलो माल लागतो. पावसाळ्यात ओला चुरा बेल्टला मीटरमागे दोन किलो चिकटून राहिला, तर तो हेड पुलीवरून पडतच नाही, फिरून पुन्हा वजनावर येतो. कंट्रोलरला ६८.७ दिसतात, तो बेल्ट हळू करतो आणि खरा माल ताशी सुमारे ५८.३ टनच जातो. आठ तासांच्या पाळीत १४ टनांची तूट. बेंटोनाइट मात्र ६० टनांच्याच हिशेबाने पडत राहते.

यावर सगळ्यात वाईट उपाय म्हणजे चिखलासकट रिकामा बेल्ट फिरवून झीरो घेणे, म्हणजे तेच वजन शून्य धरणे. आकडा तेवढ्यापुरता सुधारतो. पण पाऊस उघडून चिखल सुकून गळाला की झीरो उलट्या बाजूला चुकतो आणि माल जास्त जाऊ लागतो. आधी स्क्रॅपर नीट टेकतोय का बघा, बेल्टखालचा वजन तोलणारा रोलर, म्हणजे वे-आयडलर, आणि बेल्टची आतली बाजू साफ करा, आणि मगच झीरो घ्या. तोही बेल्टचे पूर्ण फेरे मोजून, कारण जोडाची जागा बाकी बेल्टपेक्षा जड असते. सहा मीटरचा बेल्ट या वेगात एक फेरा २४ सेकंदांत करतो, म्हणून निदान पाच फेऱ्यांना दोन मिनिटे द्या. झीरो घेण्याआधीचा जुना आकडा वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात तो आठवड्यागणिक एकाच बाजूला सरकत असेल तर स्क्रॅपर झिजलाय.

एक भांडण दरवर्षी होते. लॅब म्हणते बेंटोनाइटचे प्रमाण बदललेय, आणि कुणीतरी बेल्टचा स्पॅन, म्हणजे मोजलेल्या वजनाला गुणणारे सेटिंग, फिरवून ते जुळवतो. फीडर ओला माल तोलतो. खनिजातला ओलावा ८ वरून ११ टक्क्यांवर गेला तर ६० टनांत कोरडा माल ५५.२ ऐवजी ५३.४ टन उरतो, यात फीडरचा दोष काही नाही. ओलाव्याची दुरुस्ती प्रमाणाच्या सेटिंगमध्ये करा. स्पॅनला हात लावायचा तो फक्त मटेरियल टेस्टनंतर: फीडरवरून गेलेला माल ट्रकमध्ये घ्या, वे-ब्रिजवर तोला, टोटलायझरशी ताडून पाहा. निदान तीन वेळा. तिन्ही फरक एकाच बाजूला आणि जवळजवळ सारखे आले तर स्पॅन बदला. एकदा वर, एकदा खाली येत असतील तर स्पॅन तसाच राहू द्या आणि पुन्हा बेल्टखाली जाऊन वे-आयडलर तपासा.