कागदी नंदीचा शेवटचा तुकडा पोटाखाली ठेवा

तान्ह्या पोळ्याला पोरीसाठी कागदाचा नंदी करायचा म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधारण ३०० त्रिकोणांचं मॉडेल सपाट तुकड्यांत उलगडलं. तुकड्यांचे नंबर आपोआप आले तसेच ठेवले, अन् शेवटचा तुकडा नेमका कपाळाचा निघाला. आतून बोटाने गोंदाची पट्टी दाबायला जागाच उरली नाही, कपाळ पिचकलं.

आता चिकटवायचा क्रम आधी ठरवतो आणि नंबर त्याच क्रमाने देतो. सुरुवात शिंगांच्या टोकापासून, मग डोकं, मान, वशिंड, पाय. पोटाखालचा सपाट तुकडा सगळ्यात शेवटी. जुळणाऱ्या दोन्ही कडांना एकच आकडा, पण गोंदाची पट्टी एकाच कडेला. आकडा पट्टीवर किंवा मागच्या बाजूला छापला की नंदीच्या अंगावर दिसत नाही.

पट्टी ६ मिमी रुंद, टोकं ४५ अंशांत तिरपी. शिंगांजवळ मात्र ३ मिमीच, नाहीतर पट्ट्या आत एकमेकींवर चढतात.

वशिंडाच्या बुडाशी घडी उलटी, आतल्या बाजूला जाते. तिची रेषा वेगळ्या तऱ्हेची ठेवा, आणि सपाट पृष्ठभागावरच्या घडीरेषा लपवूनच टाका. २०० जीएसएम कागदावर संपलेल्या बॉलपेनने रेषा दाबून घेतल्या की घडी सरळ बसते.