स्पर्धकांचं टेबल करताय? टिकमार्क काढा, गिऱ्हाईक कुठे अडकतं ते लिहा

माझी वहिनी लालबागला पोळी-भाजीचे डबे देते. तिला परळच्या हॉस्पिटलांजवळ डबे द्यायचे होते, म्हणून आम्ही आसपासच्या तीन डबेवाल्यांचं टेबल केलं, भाव किती, पोळ्या किती, घरपोच आहे का, आणि सगळीकडे टिकच टिक. त्यातून एवढंच कळलं की तिघं सारखे आहेत आणि आपण चौथे होणार.

मग ते पुसून नव्याने केलं, ते असं.

डाव्या कॉलममधून फीचर्स काढा आणि तिथे गिऱ्हाइकाची अडचण लिहा, कोण, कधी, कशात अडकलंय. नुसतं 'चव' नको. 'पेशंटला तिखट बंद, नातेवाईक गावाहून आलेत, किती दिवस राहायचं ठाऊक नाही' असं हवं. हे घरबसल्या सुचत नाही. वहिनी दोन दिवस टाटा आणि केईएमच्या बाहेर लोकांशी बोलली, काल रात्री काय जेवलात, कुठून आणलंत? 'डबा हवाय का' विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून होऊन गेलेल्या जेवणाबद्दलच विचारायचं.

आता वर स्पर्धकांची नावं, आणि एक जास्तीचा कॉलम, 'डबा न घेता काय करतात'. हा कॉलम बहुतेक जण विसरतात, आणि खरी टक्कर तिथेच असते.

रकान्यात टिक नाही, पूर्ण उत्तर लिहा. गिऱ्हाईक म्हणून फोन करा, काय बोलले तेच लिहा, तारखेसकट.

| अडचण | डबेवाले | डबा न घेता |
|---|---|---|
| दुपारचं जेवण | देतात, पण महिन्याचे पैसे आधी | संस्थांचं फुकट जेवण |
| रात्री बिनतिखट, चार-पाच दिवसच | तिघंही 'महिना घ्या' म्हणाले | केळी, बिस्किटं, हॉटेलचा वरणभात |
| रात्री अकरानंतर | नाही | बहुतेक जेवलेले असतात |

इथे घाई करू नका, कारण रिकामा रकाना म्हणजे बाजारात आपल्यासाठी मोकळी जागा, म्हणजे गॅप, असं नसतं. अकरानंतर कोणी देत नाही कारण कोणाला नकोच आहे. दुपारी मागणी आहे, पण फुकटाशी भावात कोण लढणार! दुसरी ओळ मात्र वेगळी, तिथे लोक आत्ताही पैसे मोजून कसंबसं भागवतायत.

तरी विचारायचं, मग तिघं का देत नाहीत? एकाने फोनवर सांगितलं, उद्या किती डबे लागतील कळत नाही, अन्न वाया जातं. म्हणजे हे कोडं सुटलं तरच गॅप आपली. वहिनीने नियम केला, आदल्या रात्री नऊपर्यंत सांगा आणि तेव्हाच एका डब्याचे पैसे द्या. अकरा जणांना विचारलं, चौघांनी लगेच पैसे दिले, बाकीचे 'बघतो' म्हणाले, ते धरायचे नाहीत. चार डबे आणि एक फेरी, एवढ्यात गॅसचा आणि डबे पोचवणाऱ्या पोराच्या मजुरीचा खर्च निघत नव्हता, तिला किमान दहा लागत होते, म्हणून तिने एकाच धर्मशाळेपुरतं सुरू केलं, जिथे दहाही डबे एकाच दारात उतरतात.