शंभर पानांचा हॉल बघायला जाताना

भाचीचा साखरपुडा मे महिन्यात आहे, संध्याकाळी, माणसं शंभर. होटगी रोडचा एक आणि विजापूर रोडचा एक, असे दोन हॉल उरलेत. रविवारी ताई आणि मी ते बघायला जाणार, सोबत मोजायचा टेप घेऊन, आणि संध्याकाळी सातलाच.

आधी हॉल मोजायचा. ‘दीडशे आरामात बसतात’ हा हिशेब नुसत्या खुर्च्या ओळीनं मांडून केलेला असतो. टेबलावर जेवायचं तर माणशी १२ चौरस फूट धरावे लागतात. होटगी रोडचा हॉल ४० बाय ३०, म्हणजे १२०० चौरस फूट. त्यातून स्टेजचे १६० आणि बुफे व रांगेचे २०० वजा केले की ८४० उरतात, म्हणजे सत्तर माणसं. जेवणाला वेगळी गच्ची किंवा खोली मिळत असेल तरच तो हॉल आपल्या कामाचा.

पार्किंगचं फार नाही, आपले निम्मे पाहुणे दुचाकीवरच येणार. आवारात पंधरा गाड्या मावतात का, आणि त्याच दिवशी वरच्या मजल्यावर दुसरं कार्य आहे का, एवढं विचारायचं.

खरा वेळ जनरेटरला द्यायचा. ‘बॅकअप आहे’ यावर थांबायचं नाही. पाटीवरचा केव्हीएचा आकडा वाचायचा. १५ केव्हीएचा संच साधारण १२ किलोवॉट देतो. दोन टनी पाच एसी अकराच्या आसपास खातात, दिवे आणि साऊंड तीन. बेरीज चौदावर जाते, म्हणून लाईट गेली की हे लोक गुपचूप निम्मे एसी बंद ठेवतात. मे महिन्यातल्या सोलापुरात ते पाहुण्यांना लगेच कळतं. मॅनेजरला आपल्यासमोर मेन स्विच पाडायला लावायचा आणि काय काय परत सुरू होतं ते बघायचं. स्वयंपाकघरातला मिक्सर, एक्झॉस्ट आणि पाण्याची मोटर जनरेटरवर नसणं ही नेहमीची गोष्ट.

पाण्याचंही तिथंच विचारायचं. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. टाकी किती लिटरची आणि टँकरचे पैसे कोणाचे? आचारी आपला चालतो का, की त्यांचाच घ्यावा लागतो? बाहेरचा आणला तर बरेच जण वेगळा आकार लावतात.

भाड्याची तुलना शेवटच्या आकड्यावर करायची. होटगी रोडवाल्यानं २५ हजार सांगितले, सगळं धरून. विजापूर रोडवाला १८ म्हणतो, पण डिझेल तासाला १२००, सफाई २०००, बाहेरच्या आचाऱ्याचे ३०००. तीन तास जनरेटर चालला तर २६,६०० होतात. दोघांच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हेही विचारायचं. सजावटीला हॉल किती वाजता ताब्यात मिळणार आणि रात्री उशीर झाला तर तासाला किती, ते पावतीवर लिहून घ्यायचं.

मुलाकडच्यांनी तारीख अजून पक्की कळवलेली नाही. म्हणून ॲडव्हान्स पाच हजारांच्या वर द्यायचा नाही, आणि तारीख एकदा बदलता येईल हे वाक्य पावतीवर आल्याशिवाय तेवढेही नाहीत.